गल्फसाठी शटरिंग कार्पेंटरचा सीव्ही आणि एक्सपिरियन्स लेटर : पोरं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी अकरा वर्षं आखातात शटरिंगवर होतो, आधी कार्पेंटर, मग चार्जहँड, शेवटची काही वर्षं फोरमन. आता गावी असतो आणि आजूबाजूची पोरं सौदी, कतार, दुबई, ओमानला जायचं म्हणून कागद घेऊन येतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा सगळे लिहून काढले. उदाहरणं शटरिंगची आहेत कारण मला तेच काम येतं, पण स्टील फिक्सर, मेसन, प्लंबर यांनाही कागदांचा भाग तसाच लागू होतो.

सीव्ही नक्की वाचतं कोण?

तीन जण, आणि तिघं वेगवेगळं बघतात. पहिला एजंटच्या ऑफिसमधला पोरगा किंवा पोरगी, त्यांच्यासमोर कंपनीचं डिमांड लेटर असतं, त्यात लिहिलेलं असतं की शटरिंग कार्पेंटर इतके, अनुभव इतकी वर्षं, वय इतक्यापर्यंत. ते तुमच्या कागदावर फक्त ट्रेड, वर्षं, वय आणि पासपोर्टची मुदत बघतात आणि गठ्ठ्यात टाकतात, ह्या गठ्ठ्यात नाहीतर त्या. दुसरा कंपनीकडून इंटरव्ह्यू घ्यायला आलेला माणूस, तो बहुतेक वेळा इंजिनिअर किंवा जनरल फोरमन असतो, तो तुमच्या स्किलच्या ओळी वाचतो आणि त्यातलीच एक धरून प्रश्न विचारतो. तिसरा ट्रेड टेस्ट घेणारा, त्याला कागदाशी फारसं घेणंदेणं नसतं, तो तुमचा हात बघतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. सीव्हीतल्या प्रत्येक ओळीमागे एकतर कागद पाहिजे नाहीतर हात पाहिजे. दोन्ही नसतील तर ती ओळ काढून टाका.

बायोडाटा सायबरवाल्याकडे रेडीमेड मिळतो, तो चालेल का?

त्यात वडिलांचं नाव, धर्म, छंद, वैवाहिक स्थिती आणि खाली "वरील माहिती खरी आहे" असतं, कामाबद्दल एक ओळ असते, "कार्पेंटर, 6 वर्षं अनुभव". लग्नाचा बायोडाटा आणि हा, दोन्ही एकाच साच्यातले. इंटरव्ह्यूवाल्याला ह्यातून काहीच कळत नाही.

दोन पानांच्या आत बसणारा, इंग्रजीत, साध्या अक्षरांचा पाहिजे. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात ट्रेड, म्हणजे "शटरिंग कार्पेंटर", आणि त्याच्याच खाली एकूण वर्षं. मग नाव अगदी पासपोर्टवर आहे तसं, जन्मतारीख, पासपोर्ट कधीपर्यंत चालतो, मोबाईल. मग स्किल. मग कामाचा इतिहास, सगळ्यात अलीकडचं काम वर. शिक्षण शेवटी. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा, शर्ट घातलेला, सेल्फी नको. फाईलचं नाव पण नीट द्या, `ShutteringCarpenter_7yrs.pdf` असं, कारण एजंटच्या कॉम्प्युटरवर `resume new final.pdf` नावाच्या शेकडो फाईली पडलेल्या असतात आणि तुमची सापडत नाही.

मला शटरिंग येतं, थोडं स्टीलचं येतं, प्लास्टर पण केलंय. सगळं लिहू का?

नका लिहू. सगळं येतं म्हणणाऱ्या माणसाला तिकडे हेल्पर समजतात, खरंच. डिमांड ट्रेडवर येते, पगार ट्रेडवर ठरतो, व्हिसा पण एका ट्रेडवर निघतो. मुख्य ट्रेड एकच ठेवा, आणि दुसरं काम खरंच येत असेल तर स्किलच्या शेवटी एका ओळीत, "कव्हर ब्लॉक लावणं आणि स्टीलचं किरकोळ काम माहिती आहे" इतकंच.

आणि शटरिंग कार्पेंटर आणि फर्निचर कार्पेंटर हे दोन वेगळे ट्रेड आहेत हे लक्षात ठेवा. नुसतं "कार्पेंटर" लिहिलं की कधीकधी माणूस दारं बसवायच्या टेस्टला जाऊन उभा राहतो.

स्किलमध्ये काय लिहायचं? "हार्डवर्किंग, ऑनेस्ट" वगैरे?

ते सगळे लिहितात म्हणून ते कुणी वाचत नाही. स्किल म्हणजे तुम्ही काय उभं करता, कुठल्या मालाने, आणि किती बरोबर.

समजा तुम्ही कॉलम, बीम, स्लॅब केलेत. मग लिहा की कॉलम, बीम, स्लॅब, जिना, रिटेनिंग वॉल यातलं कुठलं स्वतः लावता आणि कुठल्यात नुसती मदत केलीय. जिना स्वतः लावता येत असेल तर ते वेगळं लिहा, कारण जिन्याचं शटरिंग मारणारा माणूस कमी मिळतो आणि इंटरव्ह्यूवाला तिथे थांबतो. मग माल. आपल्याकडे छोट्या साइटवर फळ्या, बल्ल्या आणि पत्र्याच्या प्लेटा असतात, तिकडे फिल्म लावलेला 18 एमएम प्लाय, एच 20 बीम, अॅडजस्टेबल प्रॉप, कपलॉक, टाय रॉड आणि विंग नट. यातलं जे हाताळलंय तेच लिहा. पुण्या-मुंबईच्या टॉवरवर काम केलेल्या बऱ्याच पोरांनी मिवान म्हणजे अॅल्युमिनियम फॉर्मवर्क केलेलं असतं, पिन आणि वेज मारून पॅनल जोडायचं, ते नक्की लिहा, पण मिवान केलेल्याला प्लाय कापून कॉलम बॉक्स बनवता येईलच असं नसतं, आणि टेस्टला बहुतेक वेळा प्लायच समोर ठेवतात. तेव्हा दोन्ही वेगळ्या ओळीत लिहा म्हणजे विचारणाऱ्याला पण कळेल आणि तुम्ही पण फसणार नाही.

ड्रॉइंग वाचता येतं का तेही लिहा, पण खरं. "ड्रॉइंग वाचता येतं" असं लिहिलं की समोरचा शीट पुढे सरकवतो आणि विचारतो ह्या बीमची डेप्थ किती, स्लॅब धरून की सोडून.

माप फुटात लिहू की मीटरमध्ये?

मिलिमीटर आणि मीटर. आपण फूट, इंच आणि सुतात बोलतो, "दोन सूत मार" म्हणतो, तिकडे सूत कुणाला कळत नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 एमएम. एक चौरस मीटर म्हणजे साधारण 10.76 चौरस फूट. तुम्ही दिवसाला किती शटरिंग लावता ते लिहिणार असाल तर चौरस मीटरमध्ये लिहा, आणि किती माणसांच्या गँगने ते पण लिहा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

हिशोब पण तयार ठेवा, कारण विचारतात. 300 बाय 600 चा कॉलम, उंची 3 मीटर, शटरिंग किती? चारी बाजू धरून 300 अधिक 600 म्हणजे 900, दुप्पट 1800, म्हणजे 1.8 मीटर, गुणिले 3, झाले 5.4 चौरस मीटर. हे तोंडी आलं की समोरचा माणूस पुढचे दोन प्रश्न विचारतच नाही.

हेल्पर म्हणून केलेली वर्षं अनुभवात धरायची का?

धरायची पण वेगळी दाखवायची. पोरं काय करतात, पहिल्या दिवसापासून "कार्पेंटर" लिहितात, मग सतरा वर्षांचा कार्पेंटर होतो आणि वाचणाऱ्याला शंका येते. हेल्परचा काळ लपवू नका, उलट तो असला की बाकीचं खरं वाटतं, कारण शटरिंग कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही, सगळे आधी फळ्या वाहतात, तेल मारतात, खिळे काढतात आणि मग हातात करवत येते.

एखादं पूर्ण उदाहरण सांगा ना, कामाचा इतिहास कसा लिहायचा?

मध्ये एक पोरगा आला होता, जन्म जून 1998 चा, दहावी नापास. त्याने आणलेल्या बायोडाटात लिहिलेलं होतं "कार्पेंटर, 10 वर्षं". मी त्याला बसवला आणि एका वहीत सगळं उलगडून घेतलं, साइट कुठली, ठेकेदार कोण, कुठल्या सणाला घरी होतास, असं विचारत गेलं की तारखा आठवतात, नुसतं "कधीपासून" विचारलं की माणूस ठोकून देतो.

निघालं असं. 2016 च्या दिवाळीनंतर तो पुण्यात मामाच्या ओळखीने एका ठेकेदाराकडे हेल्पर, 2018 च्या पावसाळ्यापर्यंत. मग त्याच ठेकेदाराकडे कार्पेंटर, मार्च 2020 पर्यंत. लॉकडाऊनला गावी आला, जानेवारी 2021 पर्यंत शेतीवर आणि गावातल्या दोन-चार घरांच्या स्लॅबवर. मग नवी मुंबईला एका मोठ्या कंपनीच्या टॉवरवर मिवानला, पगार बँकेत, पीएफ कापलेला, ते जून 2025 पर्यंत.

आता मोजा. हेल्पर साधारण पावणेदोन वर्षं. प्लायचं शटरिंग, कार्पेंटर म्हणून, तेवढंच, पावणेदोन. मिवान जवळपास साडेचार. म्हणजे कार्पेंटरचा अनुभव सव्वासहा वर्षं होतो, आणि त्याच्या सीव्हीवर आम्ही तेच लिहिलं, "शटरिंग कार्पेंटर, 6 वर्षं, त्याआधी हेल्पर 2 वर्षांपेक्षा थोडं कमी". लॉकडाऊनची गॅप तशीच लिहिली, "गावी, घरांची कामं". तो घाबरला की दहाचे सहा झाले तर घेणार नाहीत. पण डिमांडला पाच वर्षं पुरे होती, आणि त्या दहाला कागद नव्हता, ह्या सहामधल्या साडेचारला पीएफचं पासबुक होतं.

त्याची खरी अडचण दुसरीच होती, प्लायला हात लावून पाच वर्षं झालेली. मग टेस्टच्या आधी त्याला गावातल्या एका घराच्या कामावर आठवडाभर लावला, रोज एक कॉलम बॉक्स बनवायचा, चारी बाजू काटकोनात, ओळंबा लावून दाखवायचा आणि परत खोलायचा.

एक्सपिरियन्स लेटरमध्ये नक्की काय पाहिजे?

लेटरहेड, त्यावर पत्ता आणि फोन, जीएसटी नंबर असेल तर उत्तम. पत्राची तारीख. तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे, एक अक्षर इकडे तिकडे नको. हुद्दा, आणि तो सीव्हीत लिहिलाय तोच शब्द. कधीपासून कधीपर्यंत, महिना-वर्षासकट. काम काय करत होता, एक-दोन वाक्यं, साइटचं ठिकाण. सही, आणि सहीखाली सही करणाऱ्याचं नाव आणि पद, नुसत्या गिरगोट्या नकोत. शिक्का. आणि असा फोन नंबर जो उचलला जातो, कारण काही कंपन्या फोन करून विचारतात.

पोरं "कॅरेक्टर चांगलं आहे, पुढील आयुष्यास शुभेच्छा" असलं पत्र आणतात, त्यात कामच लिहिलेलं नसतं. शुभेच्छा नसल्या तरी चालतील, "कॉलम, बीम आणि स्लॅबचं शटरिंग स्वतंत्रपणे करत होता" हे वाक्य पाहिजे. मी तर सांगतो मजकूर तुम्हीच टाईप करून न्या, मालकाला लिहायचा कंटाळा असतो, समोर तयार कागद आला की वाचून सही करतो.

आणि हे काम सोडतानाच करा. सोडून दोन वर्षं झाली की साइट संपलेली असते, इंजिनिअर दुसरीकडे गेलेला असतो, ठेकेदाराशी हिशोबावरून भांडण झालेलं असतं.

ठेकेदार लेटर देत नाही. त्याच्याकडे लेटरहेडच नाही. मग?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात खरा. आपल्याकडे बहुतेक काम मुकादमामार्फत, रोखीत. त्यातून मार्ग असे आहेत.

पहिलं, मुख्य कंपनी किंवा बिल्डरच्या साइट ऑफिसला विचारा. ठेकेदाराने नाही दिलं तरी साइट इंजिनिअर कधीकधी देतो की अमुक ठेकेदाराच्या गँगमधून हा माणूस ह्या काळात इथे शटरिंगला होता. असं पत्र मला ठेकेदाराच्या पत्रापेक्षा भारी वाटतं.

दुसरं, महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. त्यासाठी मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदार देतो नाहीतर गावात ग्रामसेवक, शहरात पालिकेचा अधिकारी. पोरं हे भांड्यांसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी काढतात आणि विसरतात, पण त्या कार्डावर नोंदणीची तारीख असते आणि तुम्ही बांधकाम कामगार आहात हे सरकारी कागदावर येतं. एक्सपिरियन्स लेटरची जागा ते घेत नाही, पण आधार म्हणून जोडायला चांगलं.

तिसरं, पीएफ. कापला जात असेल तर यूएएनने लॉगिन करून पासबुक डाऊनलोड करा, त्यात महिन्यामहिन्याला कुठल्या कंपनीने पैसे भरले ते दिसतं. चौथं, जुने गेट पास, सेफ्टी इंडक्शनचं कार्ड, बँकेत पगार आलेला स्टेटमेंट. हे कुणी टाकू नका, एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवत जा.

आणि काहीच नसेल तर ती वर्षं सीव्हीत लिहा, ठेकेदाराचं नाव आणि साइटचं ठिकाण द्या, शेवटी "लेटर उपलब्ध नाही" असं सरळ लिहा. पुढचं टेस्टवर ठरतं. चांगला हात असलेला माणूस लेटर नसताना सिलेक्ट झालेला मी स्वतः बघितलाय.

एजंट म्हणतो लेटर आम्ही बनवून देतो, दोन हजार द्या. काय करू?

नका करू. हे मी कळवळून सांगतो, कारण मी फोरमन असताना माझ्या गँगमध्ये असा माणूस आला होता. कागदावर आठ वर्षं कार्पेंटर, पहिल्या दिवशी त्याला कॉलमचे टाय रॉड कुठल्या बाजूने घालायचे कळेना. पोरगा वाईट नव्हता, भिवंडीकडे गोडाऊनमध्ये काम करत होता, घरी कर्ज होतं. महिनाभर मी त्याला झाकला, पण कंपनीने बघितलंच, त्याला लेबरच्या पगारावर टाकलं आणि नंतर प्रोबेशनमध्येच परत पाठवला. कर्ज तसंच राहिलं, वर तिकिटाचे पैसे. ज्याने लेटर बनवलं त्याचं काहीच गेलं नाही.

बनावट लेटर ओळखता पण येतात. तिन्ही कंपन्यांच्या लेटरना एकच फॉन्ट, एकच वाक्य, एकच स्पेलिंगची चूक. पत्राची तारीख कंपनी सोडायच्या आधीची. दोन लेटरचे काळ एकमेकांवर चढलेले. पासपोर्टवर तुम्ही 2022 मध्ये मस्कतला असल्याचा शिक्का आणि लेटरमध्ये त्याच वर्षी तुम्ही नाशिकला. इंटरव्ह्यूवाला दिवसाला शंभर फाईली बघतो, त्याला हे डोळ्यांनीच दिसतं.

आधी गल्फला जाऊन आलोय, तिथलं लेटर नाही. आता मिळेल का?

मागा. सौदीच्या कामगार कायद्यात कलम 64 आहे, कामगाराने मागितलं तर मालकाने सर्व्हिस सर्टिफिकेट फुकट द्यायचं, त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, काम आणि शेवटचा पगार. युएईतही अनुभवाचं सर्टिफिकेट विनाशुल्क द्यायचं असं कायद्यात आहे. कंपनी चालू असेल तर एचआरला ईमेल करा, तुमचा जुना एम्प्लॉयी नंबर, इकामा म्हणजे सौदीत राहण्याचं कार्ड, किंवा लेबर कार्डची कॉपी लावा.

मिळालंच नाही तर पासपोर्टवरचे व्हिसा आणि एंट्री-एक्झिटचे शिक्के, जुना इकामा, लेबर काँट्रॅक्ट, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं चालतं. जुना पासपोर्ट फेकू नका, नव्यासोबत जोडून ठेवा. गल्फ रिटर्न माणसाला इथल्या अनुभवापेक्षा जास्त भाव आहे, म्हणून सीव्हीत ते सगळ्यात वर ठळक लिहा, देश, शहर, कंपनी, हुद्दा. आणि व्हिसावर "लेबर" लिहिलेलं असताना प्रत्यक्षात कार्पेंटरचं काम केलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण शिक्का वेगळा आणि सीव्ही वेगळा दिसला की प्रश्न येणारच.

दहावी नापास आहे, आयटीआय पण नाही. सीव्ही कमी पडेल का?

शटरिंगला आयटीआय फार कुणी विचारत नाही, शाळेत जितकं शिकलात तितकं लिहा, सातवी तर सातवी. फरक पडतो तो पासपोर्टमध्ये. दहावी पास नसेल तर पासपोर्ट बहुतेक वेळा ईसीआर असतो, आणि गल्फच्या देशांत कामाला जायला तुम्हाला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स ह्या सरकारी अधिकाऱ्याचं क्लिअरन्स लागतं, ईसीएनआर पासपोर्टला ते लागत नाही. हे क्लिअरन्स ओझं नाही, ह्याने तुमचं काँट्रॅक्ट सरकारच्या ई-मायग्रेट सिस्टीमवर नोंदवलं जातं. सीव्हीत "ईसीआर" किंवा "ईसीएनआर" लिहून टाका, एजंटला लगेच कळतं प्रोसेस कुठली.

दहावीचं खोटं सर्टिफिकेट दाखवून ईसीएनआर करायला कुणी सुचवलं तर उठून निघून या.

सरकारी स्किल सर्टिफिकेट म्हणजे आरपीएल, येत असलेल्या कामाचं मूल्यमापन करून मिळतं ते, असेल तर जोडा. आणि सौदीला काही ट्रेडना तिकडच्या तकामोल संस्थेची परीक्षा पास झाल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांच्यापासून ती सुरू झाली. तुमच्या ट्रेडला लागते का ते एजंटला लेखी विचारा.

इंटरव्ह्यूत आणि टेस्टला सीव्हीतलं काय पकडतात?

जे लिहिलंय तेच. "स्लॅब" लिहिलं की विचारतील शटरिंग कधी खोलायचं. इथे नुसता एक आकडा सांगणारा माणूस पकडला जातो, कारण उत्तर स्पॅनवर आहे. आपल्या काँक्रीटच्या आयएस 456 कोडप्रमाणे साध्या सिमेंटला कॉलम आणि भिंतीच्या बाजू 16 ते 24 तासांत, स्लॅबचे प्रॉप साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनला 7 दिवस, त्यापेक्षा मोठ्याला 14, बीमचे प्रॉप 6 मीटरपर्यंत 14 आणि पुढे 21 दिवस. तिकडे कन्सल्टंटचं स्पेसिफिकेशन चालतं, काँक्रीटच्या क्यूबच्या ताकदीचा रिपोर्ट आल्यावर इंजिनिअर सांगतो तेव्हा खोलतात, म्हणून आकडे सांगून झाल्यावर "इंजिनिअरने सांगितल्याशिवाय प्रॉप काढत नाही" हे जोडा, ते वाक्य ऐकायला समोरचा बसलेला असतो.

टेस्टला बहुधा कॉलम बॉक्स किंवा छोटा बीम. प्लाय, रन्नर, खिळे, करवत देतात. बघतात काय, तर तुम्ही आधी माप दोनदा घेता का, कडा सरळ कापल्यात का, दोन बाजू आत आणि दोन बाजू त्यावर चढवताना प्लायची जाडी धरली का. इथेच चूक होते. 300 बाय 600 चा कॉलम, प्लाय 18 चा, 300 च्या बाजूचे तुकडे 300 चेच ठेवले तर 600 वाल्या बाजू दोन्हीकडे प्लायच्या जाडीएवढ्या वाढवाव्या लागतात, 636. घाईत माणूस दोन्हीकडे 300 आणि 600 कापतो आणि मग कोपरा बंद होत नाही.

एजंट खरा आहे हे कसं कळणार? सीव्ही आणि पासपोर्ट देऊ का?

सीव्ही द्या, त्यात काही जात नाही. पासपोर्टची कॉपी द्यायची तर त्यावर पेनने लिहा, कशासाठी आणि कुठल्या तारखेला. ओरिजिनल सिलेक्शन झाल्यावर व्हिसाच्या कामाला, पावती घेऊन. नुसत्या इंटरव्ह्यूला ओरिजिनल ठेवून घेणारा एजंट असेल तर परत मागा.

एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचं आरए म्हणजे रिक्रूटिंग एजंटचं लायसन्स पाहिजे, emigrate.gov.in वर यादी आहे, त्यात नाव, नंबर आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. गावात फिरणारा "सब-एजंट" हा प्रकार कायद्यात नाही. सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त 30 हजार अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400, आणि त्याची पावती. दीड लाख मागणाऱ्याला पावती मागून बघा. आणि "टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बदलू" म्हणाला तर तुमचा सीव्ही कितीही चांगला असो, तिकडे तुम्ही कागदावर कामगार नसताच.

सिलेक्ट झालो, ऑफर लेटर आलं. आता सीव्हीचं काम संपलं?

नाही. ऑफर लेटर, काँट्रॅक्ट आणि व्हिसा तिन्हीवरचा हुद्दा सीव्हीतल्याशी लावून बघा. "शटरिंग कार्पेंटर" म्हणून टेस्ट दिली आणि काँट्रॅक्टवर "जनरल हेल्पर" आलं असेल तर सही करायच्या आधी एजंटला विचारा, बेसिक पगार किती, फूड अलाउन्स वेगळा की त्यातच, ड्युटी किती तास, ओव्हरटाइम कसा. एकदा सही झाली की तिकडे तुम्ही हेल्पर, आणि उद्या दुसऱ्या कंपनीत जाताना तिथलं सर्व्हिस सर्टिफिकेट पण हेल्परचंच मिळणार.

सीव्ही, लेटर, पीएफ पासबुक, काँट्रॅक्ट, पासपोर्ट आणि एजंटच्या पावत्या यांचे फोटो काढून घरी कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा, बायकोच्या, भावाच्या, कुणाच्याही. तिकडे कॅम्पमध्ये बॅग हरवली तर तेच कागद तिथून परत मागवता येतात.